पांढरं आभाळ, पांढरा कठडा आणि माड: वँड कुठे, लॅसो कुठे, फेदर किती

प्रश्न: गुहागरजवळ आमचं घर आहे, तिथे पर्यटकांची राहण्याची सोय करतो. रस्त्यावरच्या बोर्डासाठी फोटो काढला, पण आभाळ पांढरंफटक आलंय, ते बदलायचंय. फोटोशॉपमध्ये मॅजिक वँडचा टॉलरन्स ३२ ठेवला तर डावीकडचा वरचा कोपरा सुटतो आणि गच्चीच्या पांढऱ्या कठड्यात मात्र सिलेक्शन घुसतं. ६० केला तर अख्खा कठडाच जातो. माडाभोवती पांढरी कड राहते म्हणून फेदर ५ दिलं, तर झावळ्या धुरकट झाल्या. लॅसोने करायला बसलो तर हात भरून आला. नक्की कोणतं टूल वापरू आणि आकडे किती ठेवू?

उत्तर:

तुम्ही जोडलेला फोटो उघडून पाहिला. टॉलरन्सचा नेमका आकडा सापडत नाही असं तुम्हाला वाटतंय, पण तो सापडणारच नाही, कारण या फोटोला एका आकड्यात बसणारी कडच नाही. तुमचं आभाळ चार वेगवेगळ्या गोष्टींना टेकतं: कौलांना, कठड्याला, माडाला आणि मागच्या डोंगराला. कौलांशी फरक प्रचंड आहे, कठड्याशी जवळजवळ नाहीच. माडाशी फरक आहे, पण कडेची शेकडो तुकड्यांत चाळण झालीय. डोंगराशी तर कड अशी नाहीच, धुरकट उतार आहे. बावीस वर्षं हेच काम करतोय आणि अजूनही फोटो हातात आला की आधी कडेवरून नजर फिरवून तिचे असे तुकडे पाडतो. टूल त्यानंतर उचलतो.

वँडला हात लावायच्या आधी एक मिनिट मोजमापाला द्या. F8 दाबून Info पॅनल उघडा आणि आभाळावरून नुसता माउस फिरवा. मला मिळालेले आकडे असे: कठड्याच्या लगतचं उजळ आभाळ लाल २४४, हिरवा २४५, निळा २४७. डावीकडचा वरचा कोपरा लाल २०५, हिरवा २१२, निळा २२२. कठडा लाल २३२, हिरवा २२८, निळा २१८. डोळ्यांना तिन्ही पांढरेच दिसतात, पण तुमचं सगळं दुखणं या नऊ आकड्यांत आहे.

टॉलरन्स म्हणजे ढोबळमानाने असं: ज्या पिक्सेलवर क्लिक केलंत त्याच्या प्रत्येक रंगाच्या आकड्यापासून इतकं वर आणि इतकं खाली चालेल. तिन्ही रंग त्या पट्ट्यात बसले पाहिजेत, एक जरी बाहेर गेला तरी पिक्सेल बाद. आणि तुलना होते ती क्लिक केलेल्या मूळ ठिपक्याशी, शेजारच्या पिक्सेलशी नाही. बऱ्याच जणांचा समज असतो की वँड शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे हळूहळू सरकत जातो. तो सरकतो खरा, पण मोजताना प्रत्येक वेळी पहिल्या क्लिककडेच बघतो.

आता तुमचा ३२ चा प्रयोग तपासू. तुम्ही बहुधा घराच्या वरती, उजळ भागात क्लिक केलंत. लाल २४४ मधून ३२ गेले, २१२ उरले. कोपऱ्यातला लाल २०५ आहे, म्हणजे कोपरा बाहेर. निळा २४७ मधून ३२ गेले, २१५ उरले. कठड्याचा निळा २१८, म्हणजे कठडा आत. एकच आकडा एका बाजूला कमी पडतोय आणि दुसऱ्या बाजूला जास्त होतोय. तुम्ही तो वाढवून ६० केलात, त्यामुळे कोपरा मिळाला आणि कठडा पुरता गेला.

इथे आकडा कमी करून क्लिक वाढवायचे. टॉलरन्स २४ ठेवा, Contiguous आणि Anti-alias या दोन्ही चौकटींत खूण असू द्या, Sample Size मध्ये 5 by 5 Average घ्या. नाहीतर एखाद्या चुकार ठिपक्यावर क्लिक पडतो आणि हिशोब तिथेच बिघडतो. पहिला क्लिक कठड्याच्या लगतच्या उजळ आभाळात करा. आता निळ्याची खालची हद्द २२३ झाली, कठड्याचा २१८ बाहेर राहिला. मग Shift दाबून धरून दुसरा क्लिक कोपऱ्यात. तिथे लाल १८१ ते २२९ चालतो आणि कठड्याचा लाल २३२ आहे, म्हणजे याही क्लिकमध्ये कठडा सुटला, पण या वेळी लाल रंगाच्या कृपेने. मधलं आभाळ दोन्ही पट्ट्यांत येतं, त्यामुळे जोड दिसत नाही. कुठे बेट राहिलंच तर Shift धरून त्यावर अजून एक क्लिक. कौलांचा प्रश्नच नाही, ती इतकी गडद आहेत की तिथली कड याच दोन क्लिकमध्ये स्वच्छ निघते.

एवढं करूनही कठड्याच्या वरच्या रेषेवर सिलेक्शनचे दात पडलेले दिसतील. २२३ आणि २१८ मध्ये पाचच पायऱ्यांचं अंतर आहे, कॅमेऱ्याच्या खरखरीतच ते संपतं. शिवाय फोटो जेपीजी आहे. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबतं, आणि मोबाइलचे फोटो उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची माहिती बहुतेक वेळा कमी बारकाईने साठवतात. म्हणजे उजेडातला फरक कडेवर धारदार राहतो, रंगातला फरक दोन-चार पिक्सेल इकडेतिकडे सांडतो. तुमच्या कठड्याला आभाळापासून वेगळं करतोय तो मुख्यतः निळा रंग, आणि नेमका तोच सांडलाय. त्यामुळे वँडला तिथे सरळ रेषा दिसणारच नाही, मग टॉलरन्स २० ठेवा नाहीतर २२. मी स्वतः पूर्वी अशा जागी आकडा एकेकाने खालीवर करत अर्धा तास घालवलेला आहे. मिळालं काही नाही.

लॅसोची जागा ही आहे. पण हाताने काढायचा साधा लॅसो नको, पॉलिगोनल घ्या. कठडा माणसाने ओळंब्यात बांधलेला आहे, त्याची कड सरळ आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि वँडला नाही. फोटो २०० टक्क्यांवर मोठा करा, Alt दाबून धरा म्हणजे सिलेक्शनमधून वजाबाकी होईल, आणि कठड्याच्या एका कोपऱ्यावर पहिला क्लिक करा. पहिल्या क्लिकनंतर Alt सोडला तरी चालतो, वजाबाकी कायम राहते. मग पुढचा कोपरा, पुढचा कोपरा, आणि खाली घराच्या अंगावरून ऐसपैस वळसा घालून परत. तुमच्या कठड्याला मी सात क्लिक मोजले. मध्येच चित्र सरकवायचं असेल तर स्पेसबार धरून ओढा, काम तुटत नाही. एखादा बिंदू चुकला तर Delete किंवा Backspace, एक पाऊल मागे. हात भरून आला असं तुम्ही लिहिलंत, कारण तुम्ही अख्ख्या आभाळाची कड लॅसोने काढायला घेतलीत. लॅसो फक्त तिथे वापरायचा, जिथे कड कुठे आहे हे रंगावरून कळत नाही पण तुम्हाला कळतं. मोबाइलच्या लेन्सने कडेला सरळ रेष किंचित वाकवली असेल तर मध्ये एखादा बिंदू जास्त द्या.

मॅग्नेटिक लॅसोचं नाव कोणीतरी काढेल म्हणून आधीच सांगतो. तो कडेवरचा फरक हुंगत चालतो, आणि इथे फरकच नाही म्हणून तर आपण लॅसोकडे आलो. कौलांवर तो छान चालेल, पण कौलं वँडने आधीच दिलीत.

आता माड. इथे वरचा सगळा हिशोब उलटा होतो. झावळी गडद आहे, लाल ५५, हिरवा ६५, निळा ४५ च्या आसपास, आणि आभाळ २४० च्या घरात. मध्ये भरपूर अंतर आहे. पण पात्याच्या कडेचा प्रत्येक पिक्सेल अर्धा पात्याचा आणि अर्धा आभाळाचा असतो, त्याचा आकडा १५० च्या आगेमागे येतो. टॉलरन्स २४ ठेवला की हे सगळे मिश्र पिक्सेल सिलेक्शनच्या बाहेर राहतात, म्हणजे जुन्या पांढऱ्या आभाळाची झाक घेऊन झावळीलाच चिकटून बसतात. तुम्हाला दिसलेली पांढरी कड ती हीच. ती फेदरने जात नाही, टॉलरन्स वाढवून बरीचशी जाते. शिवाय पात्यांच्या मधल्या फटी चहूबाजूंनी बंद आहेत, आणि Contiguous ला खूण असेपर्यंत वँड त्यांत उडी मारू शकत नाही. खूण काढली तर तो फटींसोबत खालचा कठडा, वऱ्हांड्यातली पांढरी खुर्ची आणि दारातली स्कूटरही गोळा करून आणतो.

म्हणून लॅसोचं कुंपण घाला आणि वँडला कुंपणाच्या आत सोडा. आतापर्यंतचं सिलेक्शन `Select > Save Selection` मधून जपून ठेवा, मग Ctrl+D ने सोडून द्या. साधा लॅसो घेऊन माडाच्या शेंड्याभोवती ढिला वळसा काढा, कठडा वगळून. नेमकेपणाची अजिबात गरज नाही, दोन सेकंदांचं काम आहे. आता वँड, Contiguous ची खूण काढून टाका, टॉलरन्स ६० करा, आणि Shift व Alt दोन्ही एकदम दाबून कुंपणाच्या आतल्या आभाळावर क्लिक करा. दोन्ही कळा मिळून अर्थ होतो: जे दोन्हींत आहे तेवढंच ठेव. प्रत्येक फट पकडली जाईल आणि स्कूटर बाहेर राहील. मग `Select > Load Selection` उघडून आधीचं सिलेक्शन निवडा आणि Add to Selection ने यात मिळवा.

साठच का? नव्वदवर करून पाहा, तुम्हाला लगेच दिसेल. माडाची पाती चकचकीत असतात, वरच्या बाजूला आभाळ परावर्तित होऊन १६०-१७० पर्यंत उजळतात, आणि ९० वर ती खाल्ली जातात. पात्यांना छिद्रं पडली की आकडा जास्त झाला, पांढरी झाक राहिली की कमी. दुसऱ्या फोटोत हा आकडा ४५ येईल, कुठे ८० येईल, तो झाडावर आणि उजेडावर अवलंबून आहे. बघायचं काय ते मात्र हेच.

फेदरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे गैरसमज मोठा आहे. फेदर चुकीची कड दुरुस्त करत नाही. असलेल्या कडेला ते दोन्ही बाजूंना पसरवतं, आत थोडं आणि बाहेर थोडं. फेदर ५ म्हणजे ५ पिक्सेलची मऊ पट्टी असं नाही, पट्टी त्याहून बरीच रुंद होते. तुमच्या झावळीचं एक पातं टोकाकडे जेमतेम ६ पिक्सेल रुंद आहे. दोन्ही कडांनी फेदर आत शिरलं की मध्ये पूर्ण पातं असं काही उरतच नाही, सगळं अर्धपारदर्शक. तुम्ही ज्याला धुरकट म्हणालात ते हेच. चालणाऱ्या मुंग्यांची रेघ मात्र जिथे निवड ५० टक्के आहे तिथेच दिसते, त्यामुळे पडद्यावर सगळं ठीक वाटतं आणि नवं आभाळ टाकल्यावर पोल उघडते.

मग किती द्यायचं? मूळ फोटोतली कड किती मऊ आहे ते मोजा. २०० किंवा ३०० टक्क्यांवर जाऊन कौलाच्या कडेला आभाळापासून कौलापर्यंत किती पिक्सेलमध्ये रंग बदलतो ते पाहा. तुमच्याकडे २ ते ३ पिक्सेल लागतात, तिथे फेदर ०.५ पुरे. माडाला शून्य, Anti-alias तेवढं काम करतो. डोंगरावर हवेत ओल आहे, तिथे बदल ७-८ पिक्सेलवर पसरलाय, म्हणून ३ द्या. डोंगराला ०.५ दिलंत तर तो कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसेल. आणि हे आकडे तुमच्या ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोचे आहेत. तोच फोटो हजार पिक्सेलचा करून घेतलात तर सगळे चौथाईवर येतील.

एकाच सिलेक्शनला तीन वेगळे फेदर कसे देणार? सिलेक्शनला देऊच नका. `Select > Modify > Feather` ने दिलेलं फेदर सिलेक्शनमध्ये मुरून जातं. नवं आभाळ घराच्या फोटोच्या वरच्या लेअरवर ठेवा, सिलेक्शन चालू असताना त्या लेअरला मास्क लावा, आणि Properties मधल्या Feather च्या पट्टीवर ०.५ करा. हा आकडा उद्याही बदलता येतो. मात्र तो अख्ख्या मास्कला लागतो, म्हणून माडाची पाती फारच बारीक वाटली तर शून्यावर आणा. डोंगराकरता मास्कवर क्लिक करून, लॅसोने फक्त डोंगराच्या रेषेभोवती ढिला पट्टा निवडा आणि `Filter > Blur > Gaussian Blur` ३ द्या. या ढिल्या लॅसोला स्वतःचं फेदर १० असलं तर मऊ भाग आणि धारदार भाग यांचा सांधा कळत नाही.

आणि काम संपल्यावर ते १० परत ० करा. लॅसोच्या वरच्या पट्टीतला Feather चा आकडा तसाच राहतो, दुसऱ्या दिवशीही. उमेदवारीच्या काळात एका स्टुडिओत आदल्या दिवशी कोणीतरी तो ४० वर ठेवून गेलं होतं आणि मी न बघता लग्नाच्या फोटोतली अकरा माणसं कापली. सगळ्यांच्या फेट्यांतून धूर निघत असल्यासारखा अल्बम छापून आला, आणि तो परत छापण्याचे पैसे माझ्या पगारातून गेले. वँडच्या पट्टीत फेदर नसतं, म्हणून ही चूक फक्त लॅसो आणि चौकोनी-गोल सिलेक्शनमध्ये होते. कधी लहानसा भाग निवडला आणि निम्म्यापेक्षा जास्त कुठलाच पिक्सेल निवडला गेला नाही असा इशारा आला, तर आधी तो आकडा बघा.

मास्क तपासताना नव्या आभाळाच्या जागी काही वेळ भडक गुलाबी रंगाचा थर ठेवून बघा. फिक्या ढगांवर पांढरी कड लपते, गुलाबीवर लपत नाही.

माडाला त्यातूनही किंचित पांढरी झाक राहिली, तर आभाळाच्या लेअरचा ब्लेंड मोड Multiply करा. पांढऱ्याला ज्या रंगाने गुणाल तोच रंग उरतो, त्यामुळे जुन्या पांढऱ्या आभाळावर नवं आभाळ जवळपास जसंच्या तसं बसतं, आणि अर्धवट पिक्सेल आपोआप नव्या आभाळाचा रंग घेतात. मूळ आभाळ पांढरं होतं म्हणून हे जमतं, निळं असतं तर जमलं नसतं. डावा कोपरा मात्र २०५ आहे, तिथे नवं आभाळ थोडं गडद दिसेल. ते सहसा शोभून दिसतं. संध्याकाळचं काळपट आभाळ निवडलंत तर पाती काळी पडतील. आणि तसंही नको, कारण तुमच्या अंगणात कुठेच सावली पडलेली नाही. उजेड ढगाळ दिवसाचा आहे. निळंशार कडक उन्हाचं आभाळ टाकलंत तर कड कितीही सुबक कापली तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकेल. पातळ पांढरे ढग असलेलं फिकं निळं घ्या.

खाली एकाने गिंपबद्दल विचारलंय. तिथे वँडचं नाव Fuzzy Select आहे आणि टॉलरन्सला Threshold म्हणतात, तो सुरुवातीला १५ असतो. Contiguous ची खूण काढण्याऐवजी Select by Color हे वेगळं टूल आहे. क्लिक करून बटण न सोडता माउस ओढला की Threshold तिथल्या तिथे कमीजास्त होतो, हे मला फोटोशॉपपेक्षा सोयीचं वाटतं. Free Select मध्ये क्लिक करत गेलं की सरळ रेषा मिळते आणि ओढलं की हाताची, म्हणजे दोन्ही लॅसो एकातच. आकड्यांचा हिशोब तोच.

शेवटचं एक. तुम्ही जोडलेली प्रत व्हॉट्सॲपवरून आलेली नाही ना, हे बघा. तिथून साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रत लहान होते आणि जास्त दाबली जाते, कठड्याची कड अजून दातेरी होते, माडाच्या फटी तर बुजूनच जातात. ज्या फोनवर फोटो काढला त्यातून केबलने घ्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मूळ फाइल मिळाली की वरचे नऊ आकडे परत एकदा मोजा, दोन-चारचा फरक पडेल, आणि कठड्याच्या निळ्याला तेवढाही पुरतो.